जेवणाआधीची शुगर पाहून जेवणाचं इन्सुलिन कसं ठरवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात डायबिटीस एज्युकेटर म्हणून काम करते. इन्सुलिन नव्यानं सुरू झालेली माणसं सुई टोचायला दोन दिवसांत शिकतात. अडतात ती त्यानंतर. मीटरवर आकडा आला, आता पेन किती युनिटवर फिरवायचा? खालचे प्रश्न त्या एका क्षणाभोवतीचे आहेत.

आधी दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे इथले आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचं लक्ष्य, तुमचे डोस आणि तुमचा हिशेब डॉक्टरांनी वहीत लिहून दिला असेल तोच वापरा, आणि लिहून दिला नसेल तर आधी तो लिहून घ्या. दुसरी म्हणजे ३०/७० सारखं मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांना हा हिशेब लागू होत नाही. त्या एकाच औषधात लांब आणि छोट्या पल्ल्याचं इन्सुलिन एकत्र असल्यामुळे दुपारच्या आकड्यावरून एकच भाग कमीजास्त करता येत नाही.

बेसल-बोलस म्हणजे नेमकं काय?

दिवसातून एकदा, क्वचित दोनदा, लांब पल्ल्याचं इन्सुलिन घ्यायचं. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक ही त्यातली नेहमीची नावं. हे बेसल. तुम्ही जेवा न जेवा, लिव्हर रक्तात साखर सोडतच असतं. ती सांभाळणं हे बेसलचं काम.

आणि प्रत्येक मुख्य जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन घ्यायचं: लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. हे बोलस. साधारण १०-१५ मिनिटांत ते कामाला लागतं, एक-दोन तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि चारेक तासांत ते ओसरतं. स्वस्त पडतं म्हणून काहींना रेग्युलर इन्सुलिन दिलेलं असतं. ते अर्ध्या तासानं सुरू होतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. आपल्याकडे यातलं कोणतं आहे हे पेनवर वाचून ठेवा, कारण पुढची सगळी वेळ त्यावर ठरते. इथली उदाहरणं झटपट इन्सुलिनची आहेत.

जेवणाआधी शुगर ९५ आली. नॉर्मल आहे, मग इन्सुलिन कशाला?

हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो, बहुतेकदा याच शब्दांत: "ताई, शुगर तर नॉर्मल आहे जी, मग काहून टोचू?"

टोचायचं, कारण जेवणाचं इन्सुलिन समोरच्या ताटासाठी असतं. ९५ हा आकडा आत्तापर्यंतचा हिशेब सांगतो, येणाऱ्या दोन पोळ्या आणि वाटीभर भाताबद्दल तो काहीच सांगत नाही. दुपारी ९५ पाहून इन्सुलिन टाळलं की रात्रीच्या जेवणाआधी २४०-२५० दिसतात. मग रात्री जास्त युनिट घेतले जातात, पहाटे शुगर खाली येते, माणूस घाबरून साखर खातो आणि सकाळी पुन्हा २३०. वहीत असा वरखाली झोपाळा दिसला की मी सगळ्यात आधी विचारते, "नॉर्मल आली त्या दिवशी इन्सुलिन घेतलं होतं का?"

म्हणून डोसचे दोन भाग मनात वेगळे ठेवा. एक भाग ताटाचा. शुगर लक्ष्याच्या आसपास असेल तर हा पूर्ण घ्यायचा. दुसरा भाग दुरुस्तीचा. शुगर लक्ष्याच्या वर किंवा खाली असेल तेवढ्यापुरती ही भर किंवा वजावट. मीटरचा आकडा फक्त दुसरा भाग ठरवतो.

मग शुगर जास्त आली तर किती युनिट वाढवायचे?

उदाहरण घेऊ. नागपूरच्या सदरमधल्या एका ऑफिसात काम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक ताई. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. त्यांचं रोजचं इन्सुलिन असं: रात्री ग्लार्जिन २० युनिट, आणि जेवणाचं लिस्प्रो सकाळी ६, दुपारी ८, रात्री ६. डॉक्टरांनी जेवणाआधीचं लक्ष्य १२० धरलं होतं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की त्यांच्या शरीरात १ युनिट साधारण ५० नं शुगर उतरवतं.

एका मंगळवारी दुपारी दीडला, डबा उघडण्याआधी, मीटरवर २२३ आले. लक्ष्यापेक्षा १०३ जास्त. १०३ ला ५० नं भागलं की दोन आणि वर थोडं. खाली उतरवून धरायचं, म्हणजे २. ताटाचे ८ आणि दुरुस्तीचे २ मिळून १० युनिट. हिशेब एवढाच.

अपूर्णांक आला की खालच्या आकड्यावर या, असं मी नवख्यांना सांगते. अर्धा युनिट कमी पडला तर शुगर थोडी वर राहते आणि पुढच्या जेवणाआधी सुधारता येते. अर्धा युनिट जास्त झाला आणि त्या दिवशी पोळीही एक कमी खाल्ली, तर संध्याकाळी बसमध्ये हात थरथरायला लागतात. दुरुस्तीची वरची मर्यादाही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. या ताईंना ती ४ युनिट होती. मीटरवर ४०० आले तरी दुरुस्ती ४ च्या वर न्यायची नाही, फोन करायचा.

तो ५० कुठून आला? माझाही ५० च का?

नाही, प्रत्येकाचा वेगळा असतो. सुरुवातीला डॉक्टर एक ढोबळ नियम वापरतात: दिवसभराचे बेसल आणि बोलस मिळून एकूण जितके युनिट, त्यानं १८०० ला भागायचं. ताईंचे एकूण ४० युनिट होते. १८०० भागिले ४० म्हणजे ४५. सुरुवात सावध असावी म्हणून डॉक्टरांनी ५० धरले. रेग्युलर इन्सुलिन असेल तर १८०० ऐवजी १५०० घेतात.

पोट सुटलेल्या, इन्सुलिनला शरीर दाद देत नसलेल्या टाइप २ च्या माणसाला दिवसाला ८० युनिट लागत असतील, तर त्याच्यात १ युनिट जेमतेम २२ नं शुगर उतरवतं. उलट टाइप १ च्या शाळकरी पोरीला दिवसाला १८ युनिट पुरत असतील, तर तिच्यात १ युनिट १०० नं उतरवतं. दोघांनाही २२३ आले, तर पहिल्याला दुरुस्तीचे ४ लागतात आणि मुलीला १. म्हणून शेजारच्या काकांचा तक्ता मोबाइलवर मागवून वापरू नका. मुलीनं काकांचे ४ घेतले तर काय होईल ते कागदावर मांडून पाहा.

भागाकारातून निघालेला आकडा ही सुरुवात असते. तो जुळतो की नाही हे पुढच्या जेवणाआधीच्या शुगरवरून कळतं. ताईंनी त्या मंगळवारी १० युनिट घेतले, मध्ये काही खाल्लं नाही आणि रात्री साडेआठला शुगर १२८ आली. ताटाचे ८ आणि दुरुस्तीचे २ दोन्ही नीट लागू पडले. तसं चार-पाच वेळा झालं तर ५० वर भरवसा ठेवता येतो. दर वेळी ९० च्या खाली जायला लागलं, तर दुरुस्ती जास्त होते आहे किंवा दुपारचे ८ च जास्त आहेत. ज्या दिवशी दुरुस्ती घेतली नव्हती ते दिवस पाहिले की दोघांतलं कोणतं ते उलगडतं.

शुगर कमी आली तर?

७० च्या खाली असेल तर पेन बाजूला ठेवा. आधी १५ ग्रॅम ग्लुकोज: साधारण तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. पेढा, चॉकलेट किंवा संत्रा बर्फी या वेळी कामाची नाही. त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

शुगर ७० च्या वर आली की लगेच जेवायला बसा आणि ताटाचं इन्सुलिन घ्या, पण डॉक्टरांनी सांगितलेली वजावट करून. "लो झाली होती म्हणून दुपारचं घेतलंच नाही" हे मी फार ऐकते, आणि त्याच वहीत रात्रीच्या रकान्यात २६० असतात. माणूस शुद्धीत नसेल किंवा त्याला नीट गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. ते ठसका लागून श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

७० ते ९० च्या दरम्यान आली तर घाबरण्यासारखं काही नाही. ताईंना एकदा दुपारी ७८ आली. लक्ष्यापेक्षा ४२ कमी, म्हणजे जवळपास १ युनिटची वजावट. आठाऐवजी सात युनिट, आणि तेही पहिला घास घ्यायच्या वेळी.

जेवल्यावर दोन तासांनी पाहिली तर २४०. अजून दोन युनिट घेऊ का?

नको. दुपारी दीडला घेतलेलं इन्सुलिन साडेतीनला संपलेलं नसतं. अंदाजे निम्मं अजून शरीरात काम करत असतं, आणि जेवणानंतर शुगर वर जाण्याचीही तीच वेळ असते. मीटर फक्त साखर मोजतं, कातडीखाली किती इन्सुलिन शिल्लक आहे ते त्याला दिसत नाही. त्यावर आणखी दोन घेतले की पाचच्या सुमारास दोन्ही डोस एकमेकांवर चढतात.

माझ्या स्वतःच्या घरात हे घडलेलं आहे. वडिलांना रात्री नऊला जेवणाचं इन्सुलिन दिलं. साडेदहाला त्यांनी हौसेनं पुन्हा शुगर पाहिली, २६० दिसली आणि कुणालाही न सांगता चार युनिट टोचले. रात्री एकला आई मला उठवायला आली. त्यांची बनियन घामानं ओलीचिंब होती, ते माझ्याकडे बघत होते पण नाव आठवत नव्हतं. मीटरवर ४१. दोनदा साखरपाणी पाजून, मग दूध-पोळी खाऊ घालून शुगर वर आली, आणि मी पहाटे पाचपर्यंत त्यांच्या उशाशी बसून होते. त्या चार युनिटमागे हयगय नव्हती, काळजीच होती.

म्हणून नवख्या माणसानं दुरुस्ती जेवणाआधीच करावी, आणि आधीच्या झटपट डोसला चार तास झाले असतील तेव्हाच. झोपताना दुरुस्ती घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर निम्मी का, हे डॉक्टरांना वेगळं विचारा. मी तरी नवख्यांना झोपताना स्वतःहून घेऊ देत नाही.

रोज दुपारी दुरुस्ती लागते. दुपारचा डोसच वाढवू का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, जरा सावकाश वाचा.

दुपारच्या जेवणाआधीची शुगर दुपारच्या डोसबद्दल काही सांगत नाही, तो डोस तर अजून घेतलेलाच नाही. ती सकाळच्या डोसचा निकाल असते. तसंच रात्रीच्या जेवणाआधीची शुगर दुपारच्या डोसचा निकाल, झोपतानाची रात्रीच्या डोसचा, आणि सकाळी उपाशीपोटीची मुख्यतः बेसलचा. जेवणाआधीचा प्रत्येक आकडा असा दोन कामं करतो. आत्ता दुरुस्ती किती ते सांगतो, आणि मागच्या जेवणाचं गणित बरोबर होतं का तेही सांगतो. पहिलं काम त्याच क्षणी करायचं. दुसऱ्यासाठी निदान तीन-चार दिवसांचे आकडे एकाखाली एक ठेवून पाहायचे.

आता ताईंकडे परत येऊ. "रोज दुपारी शुगर वाढूनच येऊन राहिली जी," असं म्हणत त्यांनी वही पुढे केली. दुपारच्या रकान्यात सोमवारी २१०, मंगळवारी २२३, बुधवारी १९८, गुरुवारी २१६. सकाळची उपाशीपोटी शुगर सगळे दिवस ११० ते १२५, म्हणजे बेसल ठीक. रात्रीच्या जेवणाआधी ११५ ते १३५, म्हणजे दुपारचे ८ ठीक. दोष सकाळच्या डोसमध्ये दिसत होता. सरळ वाचन केलं असतं तर सकाळचे ६ वाढवून ८ केले असते, आणि त्यांच्या मनातही तेच होतं.

पण वहीत रविवारही होता, आणि रविवारी दुपारी १३२. मी मागचा रविवार काढला: १२६. न्याहारी रविवारी वेगळी असते का, म्हणून विचारलं. नाही, तेच पोहे, तीच वाटी. मग ऑफिसात नऊ ते दीड काय होतं, ते एकेक तासानं विचारत गेले. सव्वाअकराला कँटीनमधून चहा येतो. साखरेचा. आणि त्यासोबत एक आलूबोंडा. "तो काय जेवण आहे?" असं म्हणून त्यांनी तो कधी वहीत लिहिलाच नव्हता.

सकाळी साडेआठच्या ६ युनिटांनी पोह्यांचं काम चोख केलं होतं. आलूबोंड्यासाठी कुणीच इन्सुलिन घेतलं नव्हतं, आणि त्याची साखर दीडच्या आकड्यात उभी होती. सकाळचे २ युनिट वाढवले असते, तर सोमवार ते शनिवार आकडे सुंदर दिसले असते. आणि रविवारी? १३२ मधून २ युनिटांचे १०० वजा केले की कागदावर ३२ उरतात. प्रत्यक्षात नेमके ३२ आले नसते, पण एकपर्यंत त्यांचे पाय लटपटले असते एवढं नक्की.

डॉक्टरांनी सकाळचे ६ तसेच ठेवले. ताईंसमोर दोन रस्ते होते: सव्वाअकराला बिनसाखरेचा चहा आणि मूठभर फुटाणे, किंवा आलूबोंडा हवाच असेल त्या दिवशी दुपारच्या दुरुस्तीवर भागवायचं. सव्वाअकराला वेगळे युनिट घ्यायला डॉक्टरांनी नाही म्हटलं. दोन-सव्वादोन तासांनी पुन्हा जेवणाचं इन्सुलिन आलं असतं आणि वरच्या प्रश्नातला ढीग झाला असता. त्यांनी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, आलूबोंडा ठेवला. त्या दिवसापुढे त्या वहीत छोटा गोल काढतात.

मधलं खाणं खरंच नसेल आणि तरी चार दिवस दुपारची शुगर चढीच असेल, तेव्हा सकाळचा डोस वाढतो. तोही एका वेळी साधारण १० टक्के किंवा १ युनिट, आणि पुन्हा तीन दिवस वाट पाहून. एका वेळी एकच डोस बदलायचा. दोन बदलले की कशानं काय झालं ते कळत नाही.

सकाळची उपाशीपोटी शुगर १९० आली तर न्याहारीच्या डोसला दुरुस्ती जोडायची ना?

त्या दिवसापुरती जोडायची, हिशेब तोच. पण रोज असं होत असेल तर रात्रीकडे वळून पाहा. झोपताना १२० आणि सकाळी १९० असेल, तर दोन रात्री तीन वाजता उठून शुगर पाहावी लागते. तीनला १५० असेल तर बेसल कमी पडतं आहे किंवा पहाटेच्या हार्मोन्समुळे शुगर चढते आहे. तीनला ६० असेल तर बेसल जास्त आहे, आणि न पाहता ते वाढवणं धोक्याचं. झोपतानाच १९० होती तर दोष रात्रीच्या जेवणाच्या डोसचा.

मीटर खरं बोलतंय हे कसं ओळखायचं?

चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो. खरी शुगर २०० असेल तर मीटर १७० ते २३० मध्ये काहीही दाखवू शकतं. म्हणून लागोपाठ दोन थेंबांत २०५ आणि २२१ आले तर घोळ झाला असं समजू नका. दोन्हींच्या दुरुस्तीत फार तर एका युनिटाचा फरक पडतो.

खरा घोळ बोटावर असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत घरोघरी संत्री सोलली जातात. संत्रं सोललेल्या बोटावर रस सुकून बसतो, दिसत नाही, चिकटही लागत नाही, पण रक्ताच्या थेंबात मिसळून मीटरला शंभरनं किंवा त्याहूनही जास्त फसवतो. जपानी संशोधकांनी २०११ साली हेच तपासून प्रसिद्ध केलं होतं. फळं सोलल्यावर बोटावरची शुगर खोटी वाढलेली येत होती, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही ती खोटीच राहत होती. नळाखाली हात धुतल्यावर मात्र खरी आली. थंडीत कुणी "अचानक ३१०" म्हणत फोन केला तर मी आधी साध्या पाण्यानं हात धुवून, कोरडे पुसून पुन्हा पाहायला सांगते. एकदा ३१० च्या जागी १३६ आले होते. ३१० वर दुरुस्तीचे ३-४ युनिट गेले असते.

इन्सुलिन जेवणाच्या किती आधी घ्यायचं?

झटपट इन्सुलिन शुगर लक्ष्याच्या आसपास असताना १०-१५ मिनिटं आधी, रेग्युलर साधारण अर्धा तास आधी. शुगर कमी बाजूला असेल तर जेवायला बसतानाच.

लग्नाच्या पंगतीत मात्र घड्याळ विसरा. "चला, पान वाढतायत" आणि प्रत्यक्ष ताटात भात पडणं यात आपल्याकडे पाऊण तास सहज जातो. वाढलेलं ताट समोर दिसेपर्यंत पेन पिशवीतच राहू द्या. किती खाल्लं जाईल याचा अंदाज नसेल तर नवख्यानं मोठा डोस आगाऊ घेऊ नये.

उपास असेल तर?

जेवण नाही तर ताटाचे युनिट नाहीत. बेसल मात्र सोडायचं नाही, टाइप १ मध्ये तर अजिबात नाही. किती कमी करायचं ते आधी विचारून ठेवा. आणि साबुदाण्याची उसळ खाणार असाल तर ते ताटच आहे, तेही भातासारखं भराभर साखर चढवणारं. त्याला इन्सुलिन लागतं.

पेन नाही, सिरिंज वापरतो. हिशेब तोच ना?

युनिटचा हिशेब तोच, पण बाटली आणि सिरिंज एकमेकांची असली पाहिजे. आपल्याकडे मेडिकलमध्ये एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींची इन्सुलिनं मिळतात. ४० च्या बाटलीला लाल झाकणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात १० नाही, २५ युनिट जातात. उलट चूक झाली, म्हणजे ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ४ च जातात. मग "दुरुस्ती लागूच पडत नाही" असं वाटतं आणि डोस विनाकारण वाढत जातात. बाटली बदलली की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा.

सगळं बरोबर करतोय, तरी दोन-तीन दिवस शुगर उतरतच नाही. का?

आधी पोट चाचपून पाहा. रोज एकाच जागी टोचलं की तिथे चरबीची मऊ, रबरी गाठ तयार होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. गाठीतून इन्सुलिन कधी हळू, कधी एकदम जातं. एकाच डोसनं एका दिवशी ११० आणि दुसऱ्या दिवशी २५० दिसण्याचं हे मोठं कारण आहे. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून ते बदलताना डॉक्टरांना सांगा. पेनमध्ये दर वेळी २ युनिट हवेत उडवून थेंब येतो का ते पाहा, आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा.

मग इन्सुलिनकडे पाहा. वापरात असलेला पेन साधारण २८ दिवस, ३० अंशांच्या आत चालतो. नेमकी मुदत पत्रकात वाचा. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरातली खोलीही ३० च्या आत राहत नाही. वापरातला पेनही दुसऱ्या मडक्यात ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, मधल्या जागेत ओली वाळू भरून, सावलीत ठेवला तर टिकतो. फ्रिजमध्ये ठेवायचा तर दारातल्या कप्प्यात, फ्रीझरजवळ नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळून वापरायचं नसतं. स्कूटरच्या डिक्कीत तो दुपारभर राहिला असेल, तर दिसायला स्वच्छ पाण्यासारखा असला तरी त्यावर विसंबू नका. नवा पेन उघडा आणि त्याच डोसनं दोन दिवस आकडे पाहा.

ताप, जुलाब, दाताचा पू, किंवा दम्यासाठी सुरू झालेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही शुगर चढते. तेव्हा नेहमीचा ५० चा हिशेब तोकडा पडतो. शुगर २५० च्या वर अडून बसली असेल आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल, तर दुरुस्तीचं गणित करत घरी बसू नका. इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन तयार होतात. लघवीतले किंवा रक्तातले कीटोन तपासायला हवेत, आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जाताना वही आणि वापरातला पेन दोन्ही सोबत न्या.

हा हिशेब कोणी स्वतःच्या मनानं करू नये?

ज्यांना शुगर लो होताना घाम-थरथर जाणवतच नाही, ज्यांची किडनी अधू आहे आणि त्यामुळे इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, आणि जे एकटे राहणारे सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांचं लक्ष्य डॉक्टर मुद्दाम वर ठेवतात, १५० किंवा त्याहून जास्त. गरोदरपणात उलट लक्ष्य खाली असतं आणि डोस दर आठवड्याला बदलू शकतात. इतर मोठ्यांसाठी जेवणाआधी ८० ते १३० हा नेहमीचा पल्ला.

वहीत काय लिहायचं?

वेळ, जेवणाआधीची शुगर, ताटाचे युनिट, दुरुस्तीचे युनिट वेगळ्या रकान्यात, आणि मध्ये तोंडात गेलेलं सगळं. १० असं एकत्र लिहू नका, ८ + २ असं लिहा. नुसत्या १० वरून डॉक्टरांना डोस वाढला की दुरुस्ती होती ते कळत नाही. आणि सव्वाअकराचा चहा लिहा, साखर किती चमचे होती त्यासकट.